सोनं, शाई आणि कातडं: हाताने घडवलेल्या सुवर्णचित्रित पोथ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुवर्णचित्रित पोथी म्हणजे नेमकं काय?

हाताने लिहिलेली, रंगवलेली आणि जिच्या पानांवर सोन्याचा (क्वचित चांदीचा) वर्ख चढवला आहे, ती सुवर्णचित्रित पोथी. काटेकोर बोलायचं तर नुसती चित्रं असून भागत नाही, धातूची चमक हवी. पान हलवलं की त्यावरून उजेड सरकतो. लॅटिनमध्ये या कामाला 'उजळणे' अशा अर्थाचाच शब्द आहे.

अशा पोथ्या इराणात झाल्या, इथिओपियात झाल्या, आपल्याकडे गुजरात-राजस्थानात जैन कल्पसूत्रांच्याही झाल्या. पण प्रत्येक परंपरेची रीत वेगळी आणि सगळ्या एका पानात कोंबल्या तर एकही नीट कळणार नाही. म्हणून इथे मी मुख्यतः इ.स. १४०० च्या आगेमागे पॅरिस, आजच्या बेल्जियमकडचा फ्लँडर्स प्रांत आणि इंग्लंडमध्ये झालेल्या प्रार्थनापोथ्यांबद्दल लिहितो आहे. दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांना घरच्या घरी म्हणायच्या प्रार्थना, संतांच्या सणांचं पंचांग आणि स्तोत्रं असं त्यांचं स्वरूप. त्या काळी धर्मगुरू नसलेल्या भाविकासाठी सर्वांत जास्त लिहून घेतलं गेलेलं पुस्तक हेच. त्यामुळे ते कसं झालं आणि कोणी विकत घेतलं, याचे कागद बऱ्यापैकी शिल्लक आहेत.

पानं कशाची असायची? कागद नव्हता का?

कागद होता, पण मानाच्या पोथीसाठी चर्मपत्रच. वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं. आपण चपलेसाठी कातडं कमावतो तसं हे कमावत नाहीत. ते चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस भिजवतात, केस सुटले की खरवडतात, आणि मग लाकडी चौकटीवर ओलंच ताणून बांधतात. कातड्याला सरळ भोक पाडलं तर ताणात ते फाटत जातं. म्हणून कडेला लहान गोटा कातड्यात गुंडाळून त्याची घुंडी करायची, घुंडीला दोरी बांधायची आणि दोरी चौकटीच्या खुंटीला. कातडं वाळत आलं की खुंट्या पिळून ताण वाढवायचा, आणि ताणलेल्या कातड्यावर चंद्रकोरीसारख्या पात्याने खरवडत राहायचं. पातं कोरीसारखं का, तर सरळ पात्याचं टोक कातड्यात घुसेल.

एवढं करूनही दोन बाजू सारख्या होत नाहीत. केसांची बाजू किंचित पिवळसर राहते आणि बारकाईने पाहिलं तर केसांच्या मुळांचे ठिपके दिसतात. मांसाची बाजू पांढरी आणि मऊ. घड्या घालून पानं रचताना पिवळ्यासमोर पिवळी आणि पांढऱ्यासमोर पांढरी बाजू येईल अशी काळजी घेत. पोथी उघडल्यावर समोरासमोरची दोन पानं एका रंगाची दिसावीत, एवढ्यासाठी. कुठल्याही संग्रहालयात अशी पोथी उघडी दिसली तर आधी हेच बघा.

बोरू वापरायचे की पीस? आणि शाई कसली?

पीस, बहुधा हंसाच्या जातीच्या पाळीव गूझ पक्ष्याचं. डाव्या पंखातलं पीस उजव्या हाताला बरं पडतं, कारण त्याचा बाक डोळ्यांपासून बाहेरच्या बाजूला जातो. चित्रपटांत डौलदार तुरा असलेली लेखणी दिसते, पण कामाच्या लेखणीचे केस बहुतेक सगळे काढून टाकलेले असत. हातात राहायची ती नुसती काडी.

शाईची कृती मराठी वाचकाला परकी वाटणार नाही, कारण सगळे जिन्नस काष्ठौषधीच्या दुकानात ओळखीचे आहेत: मायफळ, हिराकस आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर कीटकाने अंडं घातल्यावर धरणारी गाठ. ती कुटून पाण्यात किंवा द्राक्षाच्या दारूत भिजत घालायची, गाळायची, त्यात हिराकस टाकायचा. रंग लगेच जांभळट काळा होतो. डिंकामुळे ती लेखणीला धरून राहते आणि पानावर पसरत नाही. ही शाई लिहिताना फिकट दिसते आणि हवेत हळूहळू काळी पडते. काजळीची शाई पानाच्या वर बसते, ही आत शिरते. म्हणूनच ती टिकली, आणि हिराकस जास्त झाला तिथे काही शतकांनी तिनेच पान खाऊन अक्षरांच्या जागी भोकं पाडली.

लिहिताना चूक झाली तर?

लेखनिकाच्या उजव्या हातात पीस आणि डाव्या हातात चाकू असे. जुन्या चित्रांत ते बसलेले दिसतात तेव्हा हा चाकू हमखास दिसतो. त्याने पान दाबून धरायचं (चर्मपत्र वर उचलत राहतं, आणि बोट लावलं तर तेलकट डाग पडतो), लेखणीचं टोक तासायचं, आणि चूक झाली की शाई वाळल्यावर ती हलकेच खरवडून काढायची.

आपल्याकडे कागदाच्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून ते झाकत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. तिकडे झाकत नसत, सोलत. खरवडलेली जागा खडबडीत होते आणि तिथे शाई किंचित फुटते. तिरक्या उजेडात अशी जागा आजही ओळखू येते.

आधी अक्षरं की आधी चित्रं?

आधी अक्षरं, बहुतेक नेहमीच. पानाच्या कडेला आरीने बारीक टोचे मारून त्यांच्यामधून रेघा आखत. लेखनिक मजकूर लिहीत जाई आणि मोठ्या आद्याक्षरांसाठी, चित्रांसाठी जागा सोडी. त्या रिकाम्या चौकोनात कोणतं अक्षर यायचं ते अगदी बारीक लिहून ठेवी. कधी समासात चिताऱ्यासाठी दोन शब्दांची सूचना असे. काम झाल्यावर हे सगळं खरवडून किंवा रंगाखाली झाकून टाकायचं, पण काही सूचना राहून गेल्या आणि त्यांच्यामुळेच आपल्याला ही पद्धत कळते.

पोथी शिवलेली नसताना, सुट्या घड्यांवरच हे काम चाले. आठ पानांची एक घडी म्हणजे सोळा पृष्ठं. एक घडी लेखनिकाकडे, दुसरी वेलबुट्टी काढणाऱ्याकडे, तिसरी मुख्य चिताऱ्याकडे, असं सगळं एकाच वेळी हलत असे. पॅरिसमध्ये हे लोक एकमेकांच्या शेजारी राहत: ग्रंथविक्रेते नोत्र दाम चर्चसमोरच्या गल्लीत आणि पोथ्या रंगवणारे नदीपलीकडे. गिऱ्हाईक ग्रंथविक्रेत्याशी ठरवी आणि तो काम वाटून देई. मठातल्या एकट्या भिक्षूने आयुष्यभर एक पोथी रंगवत बसावं, हे चित्र या काळाला लागू नाही. तेराव्या शतकापासून हा शहरातला धंदा होता.

सोनं पानावर चिकटतं कसं?

या पानावर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझाही सर्वांत लाडका.

पोथीतलं सोनं पाहिलं की ते घट्ट, भरीव, जणू ओतून बसवल्यासारखं दिसतं. तसं ते मुळीच नाही. आत आहे पुटी. तिला जेसो म्हणतात: भरपूर पाण्यात मुरवून मृत केलेलं प्लॅस्टर, सफेदा, थोडी साखर किंवा मध, आणि सरस. त्यात चिमूटभर तांबडी माती घालत. पांढऱ्या पानावर पांढरी पुटी कुठे लावली ते दिसावं म्हणून, आणि वर्खाला खालून ऊब यावी म्हणून. इ.स. १४०० च्या सुमाराचा इटालियन चितारी चेन्निनो चेन्निनी प्रमाण सांगतो: सफेदा प्लॅस्टरच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, आणि साखर सफेद्याहूनही कमी.

ही पुटी लेखणीने थेंबाथेंबाने आद्याक्षराच्या आत सोडायची. नीट सोडली तर ती फुगीर राहते, पाण्याच्या थेंबासारखी. त्यात बुडबुडा राहिला तर तिथे नंतर खळगा पडतो. वाळली की पात्याने वरची कातडी हलकेच खरवडून गुळगुळीत करायची. आणि मग तोंडातली वाफ. पुटीवर नळीतून खोल, गरम श्वास सोडायचा. साखर ती वाफ शोषते, सरस क्षणभर चिकट होतो, आणि त्याच क्षणी वर्ख वर ठेवून रेशमी कापडाने दाबायचा. मग पुन्हा श्वास, पुन्हा वर्ख. शेवटी ओपणी: कुत्र्याचा दात, किंवा अकीक किंवा हेमॅटाइटचा गुळगुळीत दगड दांड्याला बसवलेला. आधी अलगद, मग जोर देऊन घासत गेलं की मंद पिवळ्या वर्खाला एकदम आरशासारखा ओप चढतो. पुटी फुगीर असल्यामुळे उजेड कुठूनही आला तरी तिच्या एखाद्या उतारावर चमकतोच. सोनं जाड वाटतं ते या फुगवट्यामुळे.

घरी करून पाहिलं तर काय चुकतं?

मी सुलेखन करतो आणि ही पद्धत पुण्यात अनेकदा करून पाहिली आहे. पहिल्यांदा एप्रिलच्या दुपारी बसलो. श्वास सोडून वर्ख उचलेपर्यंत पुटी पुन्हा कोरडी. सात-आठ वेळा केलं, वर्खाचे तुकडे पंख्याशिवायही खोलीभर उडाले, 'अ'च्या पोटात सोनं फक्त डाव्या कडेला लागलं. जुलैत तेच काम सकाळी सहाला केलं आणि पहिल्या श्वासात वर्ख असा बसला की बोटाने ओढूनही निघेना. पुटी तीच, हात तेच, फक्त हवा दमट. तेव्हा मला कळलं की जुन्या कारागिरांनी हे काम दमट सकाळी का करावं.

पुटीच्या चुका ओळखायच्या खुणा सरळ आहेत. सरस जास्त झाला तर ती काचेसारखी कडक होते आणि पान उलटताना तडकते. कमी झाला तर भुगा होऊन ओपणीखाली निघून येते. साखर कमी असेल तर श्वासाला दाद देत नाही. साखर जास्त असेल तर सोनं चिकटतं खरं, पण घासायला गेलं की पुटी खालून सरकते आणि वर्ख ओरबाडला जातो. पुन्हा पुटी घालून पाहायला हरकत नाही, पण सफेदा म्हणजे शिशाचं विष आहे. घरी करताना तो वगळा आणि टायटॅनियमचा पांढरा घ्या. ओप जरा कमी येतो, पण जीव महत्त्वाचा.

रंगाच्या आधी सोनं का?

दोन कारणं. वर्ख कुठल्याही किंचित चिकट पृष्ठभागाला लागतो, आणि रंगात डिंक किंवा अंड्याचा पांढरा बलक असतोच. रंग आधी दिला तर वर्ख नको तिथे बसेल. दुसरं म्हणजे ओपणीचा जोर. तो रंगावर पडला तर रंग उडेल. म्हणून अर्धवट राहिलेल्या पोथ्यांत एक अजब दृश्य दिसतं: संतांच्या डोक्यामागे लखलखीत प्रभावळ, आणि खाली चेहऱ्याच्या जागी नुसती शाईची रेघ.

एका पोथीत सोनं किती असायचं?

लोकांना वाटतं त्याच्या तुलनेत फारच थोडं. चेन्निनी तक्रारीच्या सुरात लिहितो की सोनार एका डुकॅटमधून १४५ वर्ख काढतात, खरं तर शंभरच काढायला हवेत. डुकॅट हे व्हेनिसचं नाणं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं, साडेतीन ग्रॅमचं. भागाकार करा. एका वर्खात सुमारे २४ मिलिग्रॅम सोनं येतं. आपल्या मापात सांगायचं तर गुंजेचा पाचवा हिस्सा. आणि एका वर्खात कितीतरी लहान आद्याक्षरं झाकली जात.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख ज्याने पाहिला आहे त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. पातळ वर्ख स्वस्त पडतो, पण फाटतो आणि खालची पुटी डोकावते, म्हणून चेन्निनीची तक्रार. खालून तांबूस ठिपके दिसणारं सोनं पाहिलं की तिथे वर्ख पातळ होता किंवा एकच थर दिला होता असं समजावं.

दुसऱ्या प्रकारचं सोनंही होतं: वर्ख कुटून डिंकात कालवलेलं, शिंपल्यात ठेवायचं आणि कुंचल्याने लावायचं. त्याला आरशासारखा ओप येत नाही, बारीक रवाळ झाक येते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात कपड्यांच्या चुण्यांवर, झाडांच्या पानांवर उजेड दाखवायला ते फार वापरलं गेलं. त्याला सोनं जास्त लागतं.

मग निळा रंग सोन्याहून महाग होता, हे खरं का?

वजनावारी पाहिलं तर नाही, पण पानावर पाहिलं तर हो, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे.

उत्तम निळा म्हणजे लाजवर्दाचा. लाजवर्द तेव्हा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. दगड नुसता कुटला तर राखाडी भुकटी मिळते, कारण त्यात पांढरे आणि चमचमते इतर खनिजांचे कण मिसळलेले असतात. म्हणून भुकटी राळ, मस्तकी आणि मेणात मळून कणकेसारखा गोळा करायचा, तो काही दिवस रोज मळत राहायचं, आणि मग राखेच्या सौम्य क्षारपाण्याखाली काठ्यांनी दाबायचा. निळे कण पाण्यात सुटतात, घाण गोळ्यात राहते. पहिल्या पाण्यातला निळा सर्वांत गडद. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात तो फिका होत जातो आणि शेवटी नुसती निळसर राख उरते. चार-पाच दर्जे, चार-पाच भाव.

भावाचा एक पक्का आकडा आहे. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथाश्रमाने डोमेनिको गिरलांदायोशी वेदीवरच्या चित्राचा करार केला, त्यात निळा औंसाला चार फ्लोरिनचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या सोन्याच्या चार नाण्यांचा, हवा असं घातलं. चार फ्लोरिन म्हणजे सुमारे चौदा ग्रॅम सोनं, आणि औंस सुमारे अठ्ठावीस ग्रॅमचा. म्हणजे तो निळा सोन्याच्या निम्म्या भावाचा. तो करार पोथीचा नाही, पण रंग तोच. आता पान आठवा. वर्ख कल्पना करवणार नाही इतका पातळ असतो आणि रंगाचा थर त्याच्या कितीतरी पट जाड. मेरीच्या झग्यावर जेवढा निळा बसतो, तेवढ्या जागेवर सोन्याचा वर्ख लावला तर स्वस्त पडतो. म्हणूनच साध्या पोथीत तांब्याच्या खनिजापासूनचा निळा वापरत आणि लाजवर्द राखून ठेवत.

बाकीचे रंग?

नावं वाचून घरातले वाटतील. हिंगूळ पारा आणि गंधकाचा, शेंदूर आणि सफेदा शिशाचे, पिवळा हरताळीचा, हिरवा जंगालाचा, म्हणजे तांब्यावर शिरक्याची वाफ देऊन खरवडलेला. अडचण अशी की ते एकमेकांशी भांडतात. हरताळीत गंधक असतं, ते जंगालाला आणि सफेद्याला काळं करतं. जंगाल नुसता चर्मपत्रही खातो. हिरव्या कपड्याच्या जागी भोक असलेली पानं त्यामुळेच सापडतात. जाणता चितारी कोणता रंग कोणाशेजारी ठेवायचा नाही हे आधी शिकायचा.

हे काम स्त्रिया करत होत्या का?

हो. पॅरिसमध्ये चौदाव्या शतकात जाँ ल न्वार या चिताऱ्याबरोबर त्याची मुलगी बूर्गो पोथ्या रंगवत होती. झान द मोंबास्तोंने नवरा रिशार वारल्यावर १३५३ मध्ये स्वतःच्या नावाने ग्रंथविक्रेतीची शपथ घेतली. ती चित्रंही काढायची. १४०५ मध्ये लेखिका क्रिस्तीन द पिझान हिने लिहून ठेवलं आहे की समासातल्या वेली आणि चित्रांच्या पार्श्वभूमीत अनास्ताझ नावाच्या चितारणीच्या तोडीचं पॅरिसमध्ये कोणी नाही, आणि तिचा भावही त्याला साजेसा असतो.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती एक निनावी स्त्री. जर्मनीतल्या डालहाइमच्या मठातली, साधारण इ.स. १००० ते १२०० दरम्यान वारलेली. तिच्या दातांवर साचलेल्या किटणात संशोधकांना लाजवर्दाचे निळे कण सापडले, आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण साधं आहे: कुंचल्याचं टोक बारीक करायला ती ते ओठांत धरायची. तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही, तिने रंगवलेली पोथी कोणती तेही माहीत नाही.

एका पोथीला खर्च किती यायचा? खरा हिशोब मिळेल का?

मिळेल, आणि तो फार बोलका आहे. १४६७ मध्ये इंग्लंडमधल्या सर जॉन हॉवर्डने बरी सेंट एडमंड्स या गावच्या टॉमस लिम्पनरला पैसे दिले, त्याची नोंद उरली आहे. लिम्पनर म्हणजेच पोथ्या रंगवणारा. आपल्याकडे 'चितारी' आडनाव झालं तसंच.

आकडे समजण्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. बारा पेनी म्हणजे एक शिलिंग. आणि त्या काळी दक्षिण इंग्लंडमधला कुशल गवंडी दिवसाला साधारण सहा पेनी मिळवायचा.

पूर्ण पानाभोवतीच्या वेलबुट्टीला दर नगी बारा पेनी. अशा आठ, म्हणजे आठ शिलिंग. अर्ध्या वेलबुट्टीला चार पेनी. अशा एकवीस, म्हणजे सात शिलिंग. स्तोत्रांच्या आरंभीची अक्षरं शेकड्याने मोजली आहेत: दीड हजारावर पन्नास अक्षरं, शंभराला चार पेनी, म्हणजे पाच शिलिंग दोन पेनी. त्याहून लहान अक्षरं सहा हजार तीनशे, शंभराला एक पेनी, म्हणजे पाच शिलिंग तीन पेनी. चर्मपत्राची घडी वीस पेनीला. घडीभर लिहिण्याचेही वीस पेनी. आणि बांधणीला बारा शिलिंग.

आता यात काय दिसतं? एका पूर्ण वेलबुट्टीची किंमत गवंड्याच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी. उलट लहान अक्षरं शंभर काढली तर मिळतो एक पेनी, म्हणजे गवंड्याच्या जेमतेम दीड-दोन तासांची मजुरी. म्हणजे ती अक्षरं किती वेगाने, किती सवयीच्या हाताने काढली जात असतील! आणि कोरं चर्मपत्र जेवढ्याला, तेवढ्यालाच त्यावरचं लेखन. हे मला पहिल्यांदा वाचताना धक्कादायक वाटलं होतं. लेखनिकाच्या आठ पानांच्या मेहनतीचं मोल रिकाम्या आठ पानांइतकंच. या भावाने वीस घड्यांची पोथी करायची तर चर्मपत्र आणि लेखन मिळून आठशे पेनी होतात, म्हणजे गवंड्याची एकशे तेहतीस दिवसांची मजुरी. चित्रं, सोनं, बांधणी वेगळी.

मग अशी पोथी कोणाकडे असायची?

सर्वांत वरच्या पायरीवर राजघराणं. फ्रान्सचा पाचवा शार्ल याच्या लूव्रमधल्या ग्रंथालयात नऊशेच्या वर पोथ्या होत्या. त्याचा भाऊ बेरीचा ड्यूक जाँ हा तर या वेडाचा शिरोमणी. त्याने नायमेखेनच्या लिंबर्ग बंधूंना, म्हणजे पॉल, योहान आणि हर्मन यांना पदरी ठेवलं. हे नातं नुसतं मालक-नोकराचं नव्हतं. १४११ च्या नववर्षाला भावांनी त्याला एक पोथी भेट दिली: पांढऱ्या मखमलीची, चांदीच्या अडकवण्यांची, आणि आत पानंच नाहीत, नुसता लाकडाचा ठोकळा! ड्यूकने ती जपून ठेवली आणि तिची नोंद त्याच्या यादीत आली.

त्याच्यासाठी भाऊ जी अतिसमृद्ध प्रार्थनापोथी करत होते ती १४१६ मध्ये अर्धी राहिली. त्या एका वर्षात तिघे भाऊही गेले आणि ड्यूकही. त्याच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत ती पेटीतल्या सुट्या घड्यांच्या रूपात आहे, किंमत लिव्र या तेव्हाच्या फ्रेंच चलनात पाचशे. सुमारे सत्तर वर्षांनी सव्हॉयच्या ड्यूकने जाँ कोलोंबकडून ती पुरी करून घेतली. आज ती फ्रान्समध्ये शांतिई इथे आहे.

त्याच यादीत आणखी एक इवलीशी पोथी आहे, तळहातात मावणारी, जाँ प्युसेलने १३२४ ते १३२८ दरम्यान राणी झान देव्रोसाठी केलेली. चित्रं जवळजवळ सगळी राखाडी छटांत, सोनं नाहीच म्हणावं इतकं. तिची किंमत लावली पंधरा लिव्र. रेषेच्या बळावर ती आज जगातल्या उत्तमोत्तम पोथ्यांत गणली जाते आणि न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पण किंमत लावणाऱ्यांनी हात पाहिला नाही, सोनं आणि लाजवर्द पाहिलं.

ड्यूकच्या खाली सरदार, वरिष्ठ धर्मगुरू, वकील, श्रीमंत व्यापारी आणि त्यांच्या बायका. घरातली मुलं याच पोथीवर अक्षरं गिरवायला शिकत. पंधराव्या शतकात ही पायरी आणखी खाली उतरली, कारण फ्लँडर्समधल्या ब्रूज शहराच्या कारागिरांनी युक्ती काढली: मजकूर तयार ठेवायचा, पूर्ण पानी चित्रं वेगळ्या सुट्या पानांवर करायची, आणि गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे हवी तेवढी आत शिवायची. इंग्लंडसाठी अशा पोथ्या त्यांनी ढिगाने पाठवल्या. चित्राच्या पानाची दुसरी बाजू कोरी दिसली तर समजावं की ते पान असं बाहेरून आलेलं आहे.

शेतमजुराकडे किंवा साध्या कारागिराकडे अशी पोथी नसे. त्याने सोनं पाहिलं ते चर्चच्या वेदीवर, दुरून.

छापखाना आल्यावर हे थांबलं का?

लगेच नाही. गुटेनबर्गच्या १४५५ च्या सुमाराच्या बायबलच्या काही प्रती चर्मपत्रावर छापल्या, आणि आद्याक्षरं, वेली हातानेच भरल्या. लेखनिकाचं काम आधी गेलं, चिताऱ्याचं बऱ्याच नंतर.

महाराष्ट्रात अशी युरोपीय पोथी आहे का?

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची चौदाव्या शतकातली हस्तलिखित प्रत आहे. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ती सोसायटीला दिली.

खरं पान आणि बनावट पान कसं ओळखायचं?

जुन्या पोथ्या फाडून सुटी पानं विकली जातात, त्यामुळे हा प्रश्न खरोखर कामाचा आहे. चर्मपत्र जुनं आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या आसपास 'स्पॅनिश फोर्जर' म्हणून आज ओळखला जाणारा चितारी नेमकं हेच करायचा: खरी जुनी पानं घ्यायची, त्यांवरचा मजकूर खरवडायचा आणि त्यावर नवी, गोंडस दरबारी चित्रं काढायची. त्याचं खरं नाव आजवर कळलेलं नाही. त्याला पकडून दिलं त्याच्या हिरव्या रंगाने. त्यात तांब्याबरोबर आर्सेनिक निघालं, आणि तसा हिरवा १७७५ च्या आधी बनतच नव्हता.

घरी प्रयोगशाळा नसली तरी भिंग आणि तिरका उजेड पुरतो. चित्राच्या कडेला जुन्या अक्षरांच्या शेपट्या खरवडलेल्या दिसतात का पाहा. सोन्याची कड पाहा: सोनं आधी आणि रंग नंतर असेल तर रंग सोन्याच्या काठावर किंचित चढलेला असतो, आणि सोन्याभोवतीची काळी रेघ सर्वांत वर असते. सोनं रंगाच्या वर बसलेलं दिसलं, तेही शिंपल्यातलं रवाळ सोनं नसून ओप दिलेला वर्ख असेल, तर पैसे देण्याआधी ते पान जाणकाराला दाखवा.